नेटमध्ये जाणारी पहिली सर्व्हिस: दोष मनगटाचा की त्याआधीचा?

शनिवार-रविवारी सकाळी क्लबात टेनिसचे डबल्स खेळणारा चव्वेचाळीस वर्षांचा एक उजव्या हाताचा खेळाडू घेऊ. उंची 170 सेंटीमीटर, फोरहँड चांगला, व्हॉलीही बरी. पहिली सर्व्हिस मात्र तीनातली एक आत पडते. ती जोरात मारतो, ती नेटमध्ये जाते, मग दुसरी ढकलून देतो आणि समोरचा पुढे येऊन ती सरळ पायांत मारतो. पार्टनर दर गेमला ओरडतो, "अरे, मनगट मार, मनगट!" असे खेळाडू प्रत्येक क्लबात असतात. त्यांच्यातल्याच एकाचं प्रकरण नमुन्यादाखल इथे मांडलं आहे, कारण यात मनगटाचा सल्ला जितका सर्रास दिला जातो तितकाच तो दिशाभूल करतो.

आधी मोजणी

पहिल्या दिवशी काहीही न शिकवता त्याला ड्यूस, म्हणजे उजव्या बाजूने, मॅचमध्ये मारतो त्याच जोराने, 60 सर्व्हिस मारायला लावल्या. वीस-वीसच्या तीन फेऱ्या, मध्ये पाणी प्यायला वेळ. बाजूच्या जाळीला फोन बांधून स्लो-मोशनमध्ये सगळं टिपलं. बेसलाइनच्या रेषेत बाजूने कॅमेरा ठेवला की टॉस, म्हणजे मारण्यासाठी वर उडवलेला चेंडू, किती पुढे किंवा मागे जातो ते दिसतं. मागून ठेवला की तो डावीकडे जातो की उजवीकडे ते कळतं. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चित्रण हवंच, कारण एकाच बाजूने पाहिलं तर अर्धा दोष लपून राहतो.

साठपैकी 21 आत पडल्या. 26 नेटमध्ये गेल्या आणि 13 सर्व्हिस लाइनच्या बाहेर. 39 फॉल्टचा एकच गठ्ठा मानला असता तर "कन्सिस्टन्सी नाही" एवढंच म्हणता आलं असतं. वेगळे करून पाहिल्यावर दोन निरनिराळे आजार दिसले. लांब गेलेल्या तेरांपैकी बहुतेकांत टॉस डोक्याच्या मागे किंवा डावीकडे गेला होता आणि त्याला पाठ मोडून, मागे झुकून मारावं लागलं होतं. नेटमधल्या सव्विसांपैकी बऱ्याच सर्व्हिसना मात्र टॉस ठीक होता. तिथे चेंडू वर असतानाच डावा हात खाली आला होता, खांदे लवकर फिरले होते आणि चेंडू साधारण वीतभर खाली येऊन लागला होता.

तिसरी गोष्ट चित्रण सलग पाहिल्यावर कळली. लांब गेलेल्या सर्व्हिसच्या लगेच नंतरची सर्व्हिस अनेकदा नेटमध्ये जात होती. चेंडू बाहेर गेला की हा गडी पुढच्या वेळी मनगट मुद्दाम खाली वाकवायचा आणि चेंडू "दाबायचा". म्हणजे मूळ चूक टॉसची आणि तिच्यावरचा उपाय मनगटाचा. नेटमधले काही फॉल्ट या उपायातूनच निघत होते.

खाली मारायला जागाच नसते

सर्व्हिस वरून खाली ठोकायची असते असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं, म्हणून थोडं गणित करायला हवं. बेसलाइनपासून नेट 11.885 मीटरवर आणि नेटपासून सर्व्हिस लाइन 6.40 मीटरवर. मध्यावर नेटची उंची 0.914 मीटर. आता 170 सेंटीमीटरच्या माणसाने हात आणि रॅकेट पूर्ण ताणली तर चेंडू साधारण 2.55 मीटरवर लागतो. तिथून सर्व्हिस लाइनपर्यंत एक सरळ दोरी ताणली, तर ती नेटपाशी जमिनीपासून 0.89 मीटरवर येते, म्हणजे नेटच्या पट्टीच्याही खाली. दोरी पट्टीला जेमतेम घासून जायला चेंडू 2.61 मीटरवर लागायला हवा.

याचा अर्थ या उंचीच्या खेळाडूची सरळ रेषेतली सर्व्हिस आत पडूच शकत नाही. ती आत पडते ती गुरुत्वाकर्षणामुळे आणि चेंडूला मिळालेल्या पुढच्या फिरकीमुळे. ताशी 100 किलोमीटरच्या आसपास मारणाऱ्याचा चेंडू रॅकेटमधून जवळपास आडवा निघावा लागतो. बाकीचं खाली येणं तो वाटेत स्वतःच करतो. चेंडू वीतभर खाली, म्हणजे 2.40 मीटरच्या आत-बाहेर लागला, तर तीच दोरी नेटच्या पट्टीखाली सात-आठ सेंटीमीटरवरून जाते. तिथून कोणी मनगट खाली वाकवलं तर चेंडू कुठे जाणार ते सांगायला नको.

हे या खेळाडूला कोर्टवर खरीच दोरी बांधून दाखवलं. सर्व्हिस लाइनवर क्लबातल्या खेळवणाऱ्या मार्करने दोरीचं टोक पायाखाली दाबून धरलं, दुसरं टोक त्याने बेसलाइनवर उभं राहून ताणलेल्या रॅकेटच्या मध्याशी धरलं. दोरी नेटच्या पट्टीला अडली. तो दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, म्हणजे मी इतकी वर्षं वरून खाली मारत होतो." कोचने उत्तर दिलं, "हो. आता समोर मारा, चेंडू खाली यायचा तेव्हा येईल."

टॉस: पहिले दोन आठवडे फक्त हाच

त्याला न मारता नुसते 20 टॉस करायला लावले आणि चेंडू जमिनीवर पडू दिला. बेसलाइनच्या आत, पुढच्या पायाच्या अंगठ्यासमोर, सुमारे फूटभर अंतरावर खडूने एक वर्तुळ काढलं होतं, व्यास साधारण 30 सेंटीमीटर. त्यात सात पडले. बाकीचे मागे बेसलाइनवर, डावीकडे, तर दोन थेट मागच्या पायापाशी. फ्लॅट, म्हणजे फारशी फिरकी नसलेल्या सर्व्हिससाठी चेंडू पडायची जागा हीच, कोर्टात फूट-दीड फूट आत आणि पुढच्या पायाच्या रेषेत किंवा किंचित उजवीकडे. बाजूला वळणाऱ्या स्लाइससाठी आणखी थोडं उजवीकडे, टप्प्यानंतर उंच उसळणाऱ्या किकसाठी डावीकडे डोक्यावर. हौशी खेळाडूने पहिले काही महिने एकच जागा ठरवावी आणि तिथेच राहावं.

टॉस का विखुरतो ते त्याच्या हातात चेंडू कसा आहे हे पाहिल्याबरोबर कळलं. तो तळहातात खोल, मुठीत धरल्यासारखा होता. तिथून सोडताना बोटं उघडत जातात, शेवटचं बोट चेंडूला ढकलतं आणि मनगटाचा झटका लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. टॉस वर जाताना चेंडूवरची शिवण गरगर फिरताना दिसली तर समजावं की बोटांनी किंवा मनगटाने खोडी केली. चांगल्या टॉसमध्ये शिवण जवळजवळ स्थिर दिसते.

दुरुस्ती अशी केली. चेंडू बोटांच्या पेरांवर, पाण्याचा पेला धरावा तसा धरायचा, तळहात वर. हात पुढच्या मांडीपासून निघतो, कोपर सरळ, मनगट घट्ट, सगळी हालचाल खांद्यातून. चेंडू साधारण कपाळाच्या उंचीवर सुटतो. यापेक्षा आधी सुटला तर तो पुढे पळतो, फार उशिरा सुटला तर डोक्यावरून मागे येतो. फेकायचं नसतं, उचलून वर ठेवायचं असतं. हात सुरुवातीला थेट नेटकडे न नेता बेसलाइन आणि उजवा नेटपोस्ट यांच्या मधल्या दिशेने वर नेला की खांदे आपोआप थोडे वळतात. ट्रॉफी पोझिशनला, म्हणजे मारण्याआधीच्या ताणलेल्या स्थितीला, तो वळसा पुढे उपयोगी पडतो.

उंचीही कमी केली. त्याचा टॉस चेंडू लागायच्या जागेपेक्षा जवळजवळ 90 सेंटीमीटर वर जायचा. तिथून पडणारा चेंडू फटक्याच्या उंचीवर येईपर्यंत सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त वेग घेतो. 40 सेंटीमीटरवरून पडला तर वेग तीनच्या आत राहतो, म्हणजे तारांच्या चांगल्या भागासमोर तो जवळपास दीडपट वेळ असतो. स्टेफी ग्राफचा टॉस प्रसिद्ध उंच होता आणि गोरान इव्हानिसेविच अगदी कमी उंचीच्या टॉसवर झपकन मारायचा. दोघंही विम्बल्डन जिंकले, तेव्हा एकच उंची सगळ्यांना लागू आहे असं नाही. पण आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला उंच टॉसचा वेळ साधत नाही, आणि वाऱ्यात तर मुळीच नाही.

उंची शिकवायला जाळी कामाला आली. कोर्टच्या मागच्या जाळीपाशी उभं राहून हात आणि रॅकेट पूर्ण ताणायची, तारांचा मध्य जिथे येतो तिथे चिंधी बांधायची, आणि तिच्यावर हात-सव्वा हात अंतरावर दुसरी. टॉस दोन चिंध्यांमध्ये थांबला पाहिजे. घरी गच्चीच्या भिंतीवरही हे करता येतं. रोज 30 टॉस, चेंडू न मारता.

सर्वांत जास्त फायदा मात्र नियमातल्या एका मुभेने झाला. टॉस बिघडला आणि रॅकेट फिरवली नाही, तर चेंडू झेलला किंवा खाली पडू दिला तरी तो फॉल्ट धरला जात नाही. फिरवून चुकली तर मात्र फॉल्ट. या खेळाडूने साठच्या साठ टॉस मारले होते, कारण टॉस सोडणं त्याला लाजिरवाणं वाटायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा साठ मोजल्या, वाईट टॉस झेलायचा या अटीवर. 27 आत, 24 नेटमध्ये, 9 लांब. लांब जाणाऱ्या कमी झाल्या, नेटमधल्या तेवढ्याच राहिल्या. टॉसने त्याच्या वाट्याचं काम केलं होतं, उरलेला दोष दुसरीकडे होता.

ट्रॉफी पोझिशन आणि लवकर पडणारा डावा हात

करंडकावर सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूची छोटी मूर्ती असते, तीच ही स्थिती. डावा हात पूर्ण वर, उजवं कोपर साधारण खांद्यांच्या रेषेत आणि काटकोनात वाकलेलं, रॅकेटचं टोक वर, गुडघे थोडे मोडलेले, वजन पुढच्या पायाकडे झुकलेलं, डावा खांदा उजव्यापेक्षा उंच. शरीर इथे क्षणभर ताणलं जातं आणि मग सुटतं. ती थांबायची जागा नाही. पण चेंडू सर्वोच्च बिंदूच्या आसपास असताना शरीर इथून गेलं पाहिजे.

त्याच्या चित्रणात ट्रॉफी दिसतच नव्हती. चेंडू सोडल्याबरोबर डावा हात पोटाकडे यायचा. हात पडला की डावा खांदा खाली येतो, छाती नेटकडे उघडते, उजवा खांदा वर जायला जागा उरत नाही आणि चेंडू खाली लागतो. वर गणितात आलेली ती वीत इथे जात होती. सव्विसांपैकी मोठा वाटा हाच.

यासाठी एकच कवायत दिली आणि तीच पुरली. टॉस करायचा, ट्रॉफीत यायचं, डावा हात वरच ठेवायचा आणि खाली येणारा चेंडू त्याच हाताने डोक्याच्या वर झेलायचा. टॉस पुढे योग्य जागी असेल तर चेंडू हातापासून फार लांब जात नाही. हात खाली आणून, कमरेशी झेलावा लागला तर ती फेरी बाद. दहा झेलल्यानंतर पाच सर्व्हिस मारायच्या, पुन्हा दहा झेलायच्या. पाच-सहा मिनिटांत खांद्याला कळतं की हात वर राहू शकतो. मारताना हात कधी खाली आणायचा हे शिकवलं नाही. रॅकेट वर निघाली की तो आपसूक पोटाशी दुमडतो.

गुडघ्यांबाबत इथे सबुरी हवी. व्यावसायिक खेळाडूंसारखं खोल बसायच्या नादात हौशी माणसाचा तोल जातो, आणि ताण गुडघ्यांत येतो तो वेगळाच. पायाची बोटं गुडघ्याआड जेमतेम झाकली जातील एवढा वाक त्याला पुरला.

मनगट: जे करायचं नसतं, पण घडू द्यायचं असतं

आता तो "मनगट मार" सल्ला. सर्व्हिसच्या शेवटी रॅकेटचं डोकं झपकन पुढे येताना दिसतं, म्हणून मनगट खाली मोडतंय असा समज होतो. प्रत्यक्षात त्या झपाट्याचा मोठा भाग दंड खांद्यातून आतल्या बाजूला फिरल्याने आणि पुढचा हात वळल्याने येतो. या वळण्याला प्रोनेशन म्हणतात. समोरच्याला उंचावर टाळी देताना तळहात कानाकडून समोर आणि मग बाहेरच्या बाजूला वळतो, तसं. मनगट मागे झुकलेलं असतं ते चेंडूपाशी सरळ होतं. चेंडू सुटण्याआधी ते खाली वाकत नाही.

त्याची ग्रिप पाहिली तर कोडं सुटलं. तो फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करत होता. या ग्रिपमध्ये रॅकेट मागे असतानाच तारा आभाळाकडे उघडतात, वेटर थाळी घेऊन उभा असतो तशा. तिथून हाताला वळायला काही उरत नाही, तारा आधीच चेंडूसमोर आहेत. मग वेग आणायला एकच मार्ग राहतो, मनगट खाली मोडायचा. पार्टनर जे ओरडत होता ते तो अगदी आज्ञाधारकपणे करत होता.

म्हणून ग्रिप कॉन्टिनेंटल केली, हातोडी धरून खिळा ठोकावा तशी. तर्जनीच्या बुडाचा सांधा मुठीच्या वरच्या पृष्ठालगतच्या उजवीकडच्या तिरप्या कडेवर. आता रॅकेट चेंडूकडे कड पुढे करून येते आणि शेवटच्या क्षणी वळून तारा समोर येतात. पकड सैल ठेवायची. सगळ्या ताकदीने धरणं म्हणजे 10 मानलं, तर ट्रॉफीत 3 किंवा 4. मूठ आवळली की पुढचा हात वळूच शकत नाही.

इथे बहुतेक जण माघार घेतात, कारण ग्रिप बदलली की सर्व्हिस आठवडाभर बिघडते. त्याचे चेंडू डावीकडे, पार्टनरच्या पाठीकडे जाऊ लागले. चौथ्या आठवड्याच्या मोजणीत आत फक्त 24 आल्या. ही पीछेहाट अपेक्षित होती, आणि चेंडू डावीकडे जाणं याचा अर्थ नेमका आहे, रॅकेट कडेने येतेय पण पुरती वळत नाहीये. ग्रिप परत फोरहँडकडे सरकवली तर चेंडू लगेच सरळ जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याने दोनदा तसं केलं. मग ग्रिपवर त्या कडेला मार्कर पेनने रेघ ओढली, म्हणजे दर सर्व्हिसआधी नजर टाकता येईल.

वळवायला शिकवताना बेसलाइन सोडली. सर्व्हिस लाइनवर उभं राहून, मूठ अर्धी वर सरकवून, थेट ट्रॉफीतून सुरुवात. अर्ध्या जोराने चेंडूला टाळी द्यायची आणि फटक्यानंतर क्षणभर थांबून पाहायचं. कोपर उंच, रॅकेटचं डोकं खाली, तळहात उजव्या जाळीकडे वळलेला असेल तर झालं. तळहात जमिनीकडे तोंड करून असेल तर मनगट मोडलं. अशा 15 जमल्या की दोन पावलं मागे, पुन्हा 15, मग बेसलाइन. आवाजावरूनही फरक कळतो. मनगट मोडलेला फटका "थप्प" असा बसका येतो, वळलेला कोरडा आणि टणक.

या टप्प्यात सत्राला 60 पेक्षा जास्त सर्व्हिस मारू दिल्या नाहीत. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी थांबायचं, अशी अट होती. थकलेला खांदा वळत नाही आणि मग मनगट पुन्हा कामाला लागतं.

सहाव्या आठवड्यानंतर

त्याच बाजूने, त्याच पद्धतीने, साठ. 36 आत, 13 नेटमध्ये, 11 लांब किंवा बाहेर. नेटमधले फॉल्ट 26 वरून निम्म्यावर आले. लांब जाणारे जवळपास पहिल्याइतकेच राहिले, पण त्यांचं कारण बदललं होतं. आता टॉस मागे जात नव्हता. अकरापैकी आठ शेवटच्या वीसमध्ये होत्या, पाय थकल्यावर, आणि चेंडू चांगल्या उंचीवर लागूनही त्याला फिरकी पुरेशी नव्हती. म्हणून पुढची पायरी फिरकीची ठरवली, तीही जोर थोडा कमी करून आणि चेंडूवरून रॅकेट वर नेत. टॉसची जागा न हलवता.

मॅचमध्ये टक्का यापेक्षा कमीच राहतो, विशेषतः स्कोअर अटीतटीचा असताना. अशा वेळी पहिली लक्षणं डाव्या हातात दिसतात, उजव्यात नाही. तो पुन्हा पोटाकडे धावू लागतो. त्याच्या पार्टनरला आता ओरडायला दुसरा शब्द दिला आहे: "डावा वर!"